लोणारच्या विवरासाठी स्वतंत्र प्रक्षेपण

पृथ्वीचा वक्र पृष्ठभाग सपाट कागदावर उतरवण्याच्या गणिती रीतीला प्रक्षेपण म्हणतात. कोणत्याही प्रक्षेपणात सगळी अंतरे एकाच वेळी खरी राहत नाहीत, हे गाऊसने १८२७ साली सिद्ध केले. मोठ्या प्रदेशाचा नकाशा करताना हा नियम टाळता येत नाही. मात्र एखाद-दोन किलोमीटरच्या जागेपुरते पाहिले तर वक्रतेमुळे येणारा फरक इतका कमी असतो की तो कोणत्याही मोजणी यंत्राला दिसणार नाही. असे असूनही लहान जागांच्या नकाशांत जमिनीवरचे अंतर आणि नकाशावरून काढलेले अंतर यांत अनेकदा वीस-तीस सेंटिमीटरांचा फरक पडतो. हा फरक त्या जागेच्या वक्रतेमुळे पडत नाही. ती जागा फार मोठ्या प्रदेशासाठी आखलेल्या प्रक्षेपणात बसवली जाते, आणि तिची समुद्रसपाटीपासूनची उंची हिशेबात घेतलेली नसते, ही त्याची कारणे आहेत. जागेच्या मध्याशी केंद्र असलेले आणि तिच्या उंचीला जुळवलेले स्वतंत्र प्रक्षेपण ठरवले की दोन्ही कारणे दूर होतात.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर हे यासाठी चांगले उदाहरण आहे. उल्कापाताने बेसॉल्ट खडकात तयार झालेल्या या विवराचा व्यास सुमारे १,८३० मीटर आहे. तळाशी सुमारे १.२ किलोमीटर व्यासाचे खारे सरोवर असून ते काठापासून सुमारे १३७ मीटर खाली आहे. काठाजवळ लोणार गाव आणि दैत्यसूदनाचे मंदिर आहे, तर खाली पाण्यालगत कमळजा देवीचे मंदिर. २०२० साली हे सरोवर रामसर यादीत गेले. अशा जागी हद्दीचे दगड, पायवाटा, मंदिरांचे आराखडे, पाण्याची बदलती पातळी आणि किनाऱ्याची सरकती रेषा हे सगळे एकाच निर्देशक पद्धतीत नोंदवावे लागते. या कामात टोटल स्टेशन, उपग्रहांवर चालणारे जीएनएसएस रिसीव्हर आणि ड्रोन ही तिन्ही साधने वापरली जातात, आणि तिन्हींचे आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत.

उपग्रहांवरून मिळणारे अक्षांश-रेखांश मीटरमध्ये बदलण्यासाठी भारतात बहुधा यूटीएम ही पद्धत वापरतात. तिच्यात पृथ्वीचे सहा-सहा अंश रेखांशांचे साठ पट्टे केलेले आहेत. लोणार त्रेचाळिसाव्या पट्ट्यात येते. हा पट्टा ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांपर्यंत पसरलेला असून त्याचे मध्यवर्ती रेखावृत्त ७५ अंशांवर, म्हणजे अहिल्यानगर-छत्रपती संभाजीनगरच्या परिसरातून जाते. एवढ्या रुंद पट्ट्यात चूक वाटून घेण्यासाठी यूटीएममध्ये मध्यवर्ती रेखावृत्तावरची सगळी अंतरे मुद्दाम ०.९९९६ ने गुणलेली असतात. त्यामुळे मध्यावर दर किलोमीटरला ४० सेंटिमीटर कमी भरतात. मध्यापासून दोन्ही बाजूंना साधारण १८० किलोमीटरवर अंतर बरोबर येते आणि त्यापुढे ते वाढू लागते. महाराष्ट्राएवढ्या प्रदेशासाठी ही तडजोड शहाणपणाची आहे. एका विवराच्या मोजणीसाठी मात्र तिचा काही उपयोग नाही.

लोणार ७६.५१ अंश रेखांशावर, म्हणजे मध्यवर्ती रेखावृत्तापासून सुमारे १५८ किलोमीटर पूर्वेला आहे. तिथे यूटीएमचा स्केल फॅक्टर ०.९९९९०८ येतो. दर किलोमीटरमागे ९.२ सेंटिमीटर कमी भरतात ते यामुळे.

दुसरे कारण उंचीचे आहे. सर्व प्रक्षेपणे एका गणिती पृष्ठभागावर आधारलेली असतात. ध्रुवांशी किंचित चपटा असा हा गोल, म्हणजे एलिप्सॉइड. जमिनीवर मोजलेले अंतर प्रथम या पृष्ठभागावर उतरवावे लागते आणि मगच ते कागदावर येते. जागा एलिप्सॉइडपेक्षा जितकी उंच, तितके तिच्यावरचे अंतर खाली उतरताना आखडते, कारण पृथ्वीच्या केंद्राकडे जाणाऱ्या रेषा खाली एकमेकींच्या जवळ येत जातात. यासाठी लक्षात ठेवण्यासारखा एकच आकडा आहे: दर ६.४ मीटर उंचीला किलोमीटरमागे एक मिलिमीटर.

इथे कोणती उंची धरायची हे काळजीने पाहावे लागते. नकाशांवर दिलेली उंची समुद्रसपाटीपासूनची असते, तर हिशेबाला एलिप्सॉइडपासूनची उंची लागते. भारतात एलिप्सॉइडचा पृष्ठभाग सरासरी समुद्रसपाटीच्या वर आहे. दख्खनमध्ये हा फरक साधारण साठ-सत्तर मीटरांचा असल्याने समुद्रसपाटीपासून ५६० मीटरांवरची जमीन एलिप्सॉइडपासून सुमारे ५०० मीटरच उंच असते. जीएनएसएस रिसीव्हर मुळात हीच उंची मोजतो, म्हणून प्रत्यक्ष कामात ती जागेवरच्या नियंत्रण बिंदूंवरून घेणे उत्तम. इथल्या उदाहरणात विवराच्या काठासाठी ५०० मीटर ही गोल संख्या धरली आहे. तिच्यात सहा मीटरांची चूक असली तरी किलोमीटरला फक्त एक मिलिमीटरचा फरक पडतो, त्यामुळे उंचीच्या बारीक अचूकतेसाठी अडून बसण्याचे कारण नाही. साठ-सत्तर मीटरांचा फरक मात्र सोडून देता येत नाही, कारण तो किलोमीटरला एक सेंटिमीटर होतो.

५०० मीटर उंचीमुळे लोणारमध्ये किलोमीटरमागे ७.९ सेंटिमीटर कमी होतात आणि यूटीएममुळे आणखी ९.२. दोन्ही मिळून १७ सेंटिमीटर. विवराच्या पूर्व काठावरचा आणि पश्चिम काठावरचा खुंट यांच्यात जमिनीच्या पातळीवर नेमके १,८३० मीटर अंतर असेल, तर यूटीएम निर्देशकांवरून ते १,८२९.६९ मीटर येते. एकतीस सेंटिमीटर कमी. टोटल स्टेशनने याच अंतराची मोजणी केली तर चूक सहा-सात मिलिमीटरांपलीकडे जायला नको. मोजणीपेक्षा नकाशाची चूक चाळीस-पन्नास पटींनी मोठी, अशी ही स्थिती आहे.

दिशेचाही प्रश्न आहे. यूटीएमच्या जाळीतील उत्तर फक्त मध्यवर्ती रेखावृत्तावर खऱ्या उत्तरेशी जुळते. लोणारला जाळीची उत्तर खऱ्या उत्तरेच्या पूर्वेला सुमारे ३१ कला, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडी जास्त कललेली आहे. विवराच्या व्यासाएवढ्या अंतरावर हा कल सोळा मीटरांपर्यंत जातो. सूर्याच्या किंवा ताऱ्याच्या वेधावरून दिशा घेणाऱ्याला, किंवा मंदिराची पूर्वाभिमुखता तपासणाऱ्या अभ्यासकाला ही दुरुस्ती विसरून चालत नाही. प्रक्षेपणाचे मध्यवर्ती रेखावृत्तच विवरातून नेले तर हा कल जवळजवळ शून्य होतो. केंद्रापासून एक किलोमीटर पूर्वेलाही तो बारा विकलांच्या पुढे जात नाही.

स्थानिक प्रक्षेपणासाठी पहिला निर्णय प्रकाराचा असतो. इतक्या लहान जागेवर बहुतेक सगळी प्रक्षेपणे सारखीच वागतात, म्हणून या निवडीवर फार वेळ घालवू नये. कोन आणि आकार खरे ठेवणारा प्रकार घ्यावा, कारण टोटल स्टेशन कोनच मोजते. शिवाय प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये आणि मोजणीच्या प्रत्येक यंत्रात उपलब्ध असलेलाच प्रकार घ्यावा. ट्रान्सव्हर्स मर्केटर या दोन्ही कसोट्यांवर उतरते. लँबर्टने १७७२ साली ते मांडले, गाऊसने ते एलिप्सॉइडसाठी वापरले आणि क्रूगरने १९१२ साली त्याची सूत्रे पक्की केली. यूटीएमही हेच प्रक्षेपण वापरते, म्हणून मोजणी करणाऱ्यांना ते परके वाटत नाही. पूर्व-पश्चिम लांबच लांब पसरलेल्या प्रकल्पाला लँबर्टचे शंकूसदृश प्रक्षेपण अधिक सोयीचे असते. विवर गोल असल्याने तो प्रश्न इथे येत नाही.

दुसरा निर्णय केंद्राचा. केंद्र भौमितिक मध्यावर अगदी नेमके असावे असा आग्रह धरण्याची गरज नाही. केंद्रापासून एक किलोमीटरवर प्रक्षेपणाची विकृती किलोमीटरला एका मिलिमीटरचा सुमारे ऐंशीवा भाग असते, पाच किलोमीटरवर मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, दहा किलोमीटरवर सव्वा मिलिमीटर, वीस किलोमीटरवर पाच मिलिमीटर. विकृती अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून जवळ ती नाहीशी होते आणि दूर गेल्यावर झपाट्याने वाढते. यामुळे केंद्रासाठी सोपे, दोन दशांशांत संपणारे आकडे घेता येतात. लोणारला १९.९८ अंश उत्तर आणि ७६.५१ अंश पूर्व हे आकडे विवराच्या मध्यापासून थोडे बाजूला पडतात, पण त्याने मोजता येईल असा काहीही फरक पडत नाही. उलट ७६.५०८३३३ असा न संपणारा आकडा घेतला तर कोणी सहा दशांश लिहील, कोणी चार, आणि त्यातून एकाच प्रकल्पात दोन वेगवेगळी प्रक्षेपणे तयार होतील. चौथ्या दशांशानंतर कापलेला भाग इथे साडेतीन मीटरांएवढा आहे.

तिसरा निर्णय स्केल फॅक्टरचा, आणि सगळ्यांत अधिक विचार याच ठिकाणी करावा लागतो. जमीन ज्या प्रमाणात एलिप्सॉइडपेक्षा वर आहे, त्याच प्रमाणात प्रक्षेपण मोठे केले की कागदावरचे अंतर आणि जमिनीवरचे अंतर एक होते. सूत्र असे आहे:

```
k0 = 1 + h / R
```

यात h म्हणजे एलिप्सॉइडपासूनची उंची आणि R म्हणजे त्या अक्षांशावरची पृथ्वीची सरासरी त्रिज्या. लोणारच्या अक्षांशावर R सुमारे ६,३६१.७ किलोमीटर भरते. ५०० मीटर उंचीसाठी k0 चे मूल्य १.००००७८६ येते आणि ते १.००००७९ असे सहा दशांशांपर्यंत लिहिले तरी पुरते. या पूर्णांकनाने किलोमीटरला अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फरक पडतो.

पण लोणारला उंची एकच नाही. काठ ५०० मीटरांवर धरला तर पाणी ३६० मीटरांच्या आसपास येते. १३७ मीटरांच्या या फरकाचे किलोमीटरला सव्वादोन सेंटिमीटर होतात, आणि कोणतेही प्रक्षेपण एका वेळी एकाच उंचीला जुळवता येते. इथे दोन मार्ग आहेत. मधली उंची, म्हणजे ४३० मीटर धरली तर काठावर किलोमीटरला एक सेंटिमीटर कमी आणि पाण्यालगत एक सेंटिमीटर जास्त येतो. काठाचीच उंची धरली तर काठावर चूक उरत नाही, मात्र सरोवराच्या एका किनाऱ्यापासून समोरच्या किनाऱ्यापर्यंतच्या १.२ किलोमीटरमध्ये सुमारे २.६ सेंटिमीटर जास्त दिसतात. चूक सारखी वाटून घेण्याचा पहिला मार्ग वरवर न्याय्य वाटतो. पण लोणारसाठी दुसराच मार्ग योग्य आहे. हद्द, रस्ते, कुंपण, गावाकडची बांधकामे आणि मोजणीचे लांब पल्ले सगळे काठावर आहेत. सरोवराच्या आरपार अंतर प्रत्यक्ष मोजण्याची वेळ क्वचितच येते, आणि किनारा तर पावसाबरोबर मीटरांनी सरकतो. जिथे चूक सर्वांत जास्त खटकेल तिथे ती शून्य करावी आणि उरलेली चूक किती आहे हे कागदावर स्पष्ट लिहून ठेवावे. खालच्या मंदिराचा तीस-चाळीस मीटरांचा आराखडा काढताना तर हा फरक एका मिलिमीटरच्या आतच राहतो.

चौथा निर्णय आरंभबिंदूच्या आकड्यांचा. केंद्राला शून्य-शून्य दिले तर निम्म्या विवराचे निर्देशक उणे येतात, म्हणून दोन्हींमध्ये एक ठरावीक संख्या मिळवतात. ती यूटीएमच्या आकड्यांपेक्षा पूर्ण वेगळी दिसेल अशीच निवडावी. लोणारचे यूटीएम निर्देशक पूर्वेला साडेसहा लाखांच्या आणि उत्तरेला बावीस लाखांच्या घरात आहेत. स्थानिक पद्धतीत केंद्राला पूर्व २०,००० आणि उत्तर ५०,००० दिले तर कोणती यादी कोणत्या पद्धतीतली आहे हे पाहताक्षणी कळते, आणि पूर्व-उत्तर यांची अदलाबदल झाली तर तीही लगेच लक्षात येते. हे चारही निर्णय एकत्र केले की संपूर्ण प्रक्षेपण एका ओळीत बसते:

```
+proj=tmerc +lat_0=19.98 +lon_0=76.51 +k_0=1.000079
+x_0=20000 +y_0=50000 +datum=WGS84 +units=m +no_defs +type=crs
```

इथे ती दोन ओळींत दिसली तरी टंकताना सलग एकाच ओळीत घ्यायची. क्यूजीआयएससारख्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचे प्रक्षेपण नोंदवण्याची सोय आहे, तिथे ही ओळ तशीच देता येते. मोजणीच्या हातातील यंत्रात हेच आकडे एकेक करून भरावे लागतात, आणि टंकनाची चूक होते ती याच वेळी. म्हणून दोन चाचणी बिंदू हाताशी ठेवावेत. केंद्राचे अक्षांश-रेखांश दिले की नेमके २०,००० आणि ५०,००० यायला हवेत. मात्र ही चाचणी पुरेशी नाही, कारण स्केल फॅक्टर चुकलेला असला तरी केंद्र बरोबरच येते. दुसरा बिंदू त्याच अक्षांशावर पण एक शतांश अंश पूर्वेला, ७६.५२ वर घ्यावा. तिथे पूर्वेचा आकडा २१,०४६.६९ आणि उत्तरेचा ५०,०००.०३ यायला हवा. स्केल फॅक्टर १ राहिला असेल तर पूर्वेचा आकडा २१,०४६.६० येईल. हे नऊ सेंटिमीटर ती चूक उघड करतात. उत्तरेत वाढलेले तीन सेंटिमीटर पाहून गोंधळू नये. अक्षवृत्त हे वर्तुळ आहे, सरळ रेषा नव्हे, म्हणून केंद्रापासून बाजूला गेल्यावर ते जाळीत किंचित वर चढते.

गणिताची चाचणी झाल्यावर जमिनीवरची चाचणी. काठावर एकमेकांना दिसणारे दोन पक्के खुंट निवडावेत, दोन्हींवर जीएनएसएस रिसीव्हर पुरेसा वेळ लावून निर्देशक घ्यावेत आणि मग तेच अंतर टोटल स्टेशनने मोजून क्षितिजसमांतर करून घ्यावे. निर्देशकांवरून काढलेले अंतर आणि मोजलेले अंतर एक-दीड किलोमीटरला सेंटिमीटरच्या आत जुळले पाहिजे. दुसरी अशीच रेषा पहिलीच्या काटकोनात घेतली तर एका दिशेपुरती असलेली चूकही सापडते.

या तुलनेत फरक निघाला की दोष लगेच प्रक्षेपणाला दिला जातो, पण आधी टोटल स्टेशनमधील हवेची नोंद पाहावी. हे यंत्र प्रकाशाच्या वेगावरून अंतर काढते, आणि हवेची घनता बदलली की तो वेग किंचित बदलतो. तापमानातील दर एक अंश सेल्सियसच्या फरकाने किलोमीटरला सुमारे एक मिलिमीटर बदलतो. यंत्रात कारखान्यातून आलेले १५ अंशांच्या आसपासचे तापमान तसेच ठेवून मे महिन्यात ४० अंशांत मोजणी केली तर किलोमीटरला अडीच सेंटिमीटर तिथेच कमी होतात. लोणारच्या उंचीवर हवेचा दाबही समुद्रसपाटीपेक्षा कमी असतो. तो यंत्रात भरला नाही तर आणखी पावणेदोन-दोन सेंटिमीटर त्याच दिशेला जातात. दोन्ही मिळून किलोमीटरला चार सेंटिमीटरांहून अधिक. तापमान आणि दाब भरल्यावर फरक नाहीसा झाला तर प्रक्षेपण निर्दोष आहे, आणि उरला तर त्याचे आकारमानच कारण सांगते. किलोमीटरला आठ सेंटिमीटरांचा फरक असेल तर उंचीचा स्केल फॅक्टर कुठेतरी गळला आहे. नऊ सेंटिमीटरांच्या थोडा वर असेल तर यूटीएमचा जुना स्केल फॅक्टर टोटल स्टेशनमध्ये तसाच राहिलेला असण्याची शक्यता मोठी. स्थानिक प्रक्षेपण वापरताना टोटल स्टेशनमधील स्केल फॅक्टर १.०००००० असलाच पाहिजे, नाहीतर एकच दुरुस्ती दोनदा लागते किंवा नको ती लागते.

सॉफ्टवेअरचे उत्तरही समजून वाचावे लागते. प्रक्षेपणाची विकृती विचारली तर सॉफ्टवेअर लोणारला १.००००७९ असे उत्तर देते, आणि नवख्या माणसाला वाटते की किलोमीटरला आठ सेंटिमीटर चूक राहिली. सॉफ्टवेअर तुलना करते ती एलिप्सॉइडशी, आणि इथे तर एलिप्सॉइडपेक्षा मुद्दाम मोठे केलेले आहे. क्यूजीआयएसमधील मोजपट्टीचेही तसेच. ती एलिप्सॉइडवरचे अंतर दाखवण्यावर ठेवली असेल तर प्रक्षेपण कोणतेही असो, १,८३० मीटरांच्या जागी १,८२९.८६ मीटरच दिसतात. जमिनीवरचे अंतर हवे असेल तर मोजपट्टी कार्टेशियन, म्हणजे सरळ जाळीवरच्या मोजणीवर ठेवावी लागते.

स्वतंत्र प्रक्षेपणाला पर्याय म्हणून एक आखूड वाट बरीच वापरली जाते. यूटीएमचे सगळे निर्देशक एका गुणकाने गुणायचे आणि त्यांना जमिनीवरचे निर्देशक म्हणायचे. लोणारला हा गुणक १.०००१७१ येतो. अंतरे त्याने खरोखर बरोबर होतात. पण गुणाकार संपूर्ण आकड्याला लागतो. उत्तरेच्या बावीस लाखांत त्यामुळे ३७० मीटरांहून अधिक भर पडते आणि पूर्वेच्या आकड्यात शंभरहून अधिक मीटरांची. नवे आकडे मात्र अजूनही यूटीएमसारखेच दिसतात. काही वर्षांनी ही यादी दुसऱ्या कोणाच्या हाती गेली की तो माणूस ती यूटीएम समजून उपग्रहचित्रावर टाकतो, आणि विवराचा काठ जवळपास चारशे मीटर दूर जाऊन पडतो. विकृतीमुळे होणारी चूक तीस सेंटिमीटरांची होती, ती टाळण्याच्या नादात हजारपट मोठी चूक करण्याची सोय तयार होते. अशी पद्धत कोणत्याही नव्या कामात वापरू नये.

याच कारणामुळे प्रक्षेपणाची व्याख्या जतन करणे हे ती आखण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे. वरची एक ओळ प्रत्येक नकाशाच्या समासात, प्रत्येक निर्देशकयादीच्या माथ्यावर आणि प्रकल्पाच्या मुख्य अहवालात छापलेली असावी, दोन्ही चाचणी बिंदूंसह. तिच्यासोबत निर्देशक कोणत्या तारखेचे आहेत हेही लिहावे. भारताचा भूभाग दरवर्षी सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो, त्यामुळे दहा वर्षांनी उपग्रहांवरून घेतलेले त्याच खुंटाचे अक्षांश-रेखांश अर्ध्या मीटरने वेगळे येतात. विवर संपूर्णपणे एकत्रच सरकते, म्हणून आतील अंतरांना काही होत नाही. पण जुन्या आणि नव्या मोजणीची सांगड घालताना तारीख नसेल तर हा अर्धा मीटर खुंट हलल्याचा भास निर्माण करतो. काठावर चार-पाच पक्के खुंट ठेवून दर नव्या मोजणीत त्यांच्यापासूनच सुरुवात केली की प्रश्न सुटतो.

जुने नकाशे मिसळताना आणखी सावधगिरी हवी. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलदर्शक नकाशे एव्हरेस्ट एलिप्सॉइडवर आधारलेले आहेत, तर उपग्रहांची पद्धत डब्ल्यूजीएस ८४ वर. अक्षांश-रेखांशाचा तोच आकडा या दोन पद्धतींत जमिनीवर शंभर मीटरांहून अधिक अंतराने वेगळ्या जागी पडतो. जुन्या नकाशावरून उचललेला बिंदू आधी रूपांतरित केल्याशिवाय स्थानिक प्रक्षेपणात टाकला तर जाळी कितीही काटेकोर असली तरी तो बिंदू चुकीच्याच जागी बसेल.

स्थानिक प्रक्षेपण काय करत नाही हेही सांगायला हवे. ते आडवी अंतरे सांभाळते, उंचीला ते हात लावत नाही. पृथ्वीची वक्रता आडव्या अंतरात किलोमीटरला मिलिमीटरचा अंशमात्र असली तरी उभ्या दिशेत ती एका किलोमीटरवर जवळपास आठ सेंटिमीटर होते. विवराच्या मध्यावर यंत्र लावून काठावरच्या बिंदूची उंची काढली आणि जमीन सपाट आहे असे धरून हिशेब केला, तर नऊशे मीटरांवर सहा सेंटिमीटरांची चूक येते. पाण्याच्या पातळीच्या अभ्यासात सहा सेंटिमीटर फार होतात. म्हणून उंची नेहमी लेव्हलिंगने किंवा जिऑइडच्या प्रतिकृतीवरून दुरुस्त करून वेगळी घ्यावी आणि टोटल स्टेशनमध्ये वक्रता व वक्रीभवनाची दुरुस्ती चालू ठेवावी.

ही पद्धत कुठवर ताणता येते याचे उत्तर रुंदीपेक्षा उंचीत आहे. सपाट प्रदेशात केंद्रापासून पंचवीस किलोमीटरपर्यंतही विकृती किलोमीटरला आठ मिलिमीटरच्या आत राहते. किलोमीटरला एक सेंटिमीटर ही मर्यादा धरली तर पठारावरचे एखादे मध्यम शहर एकाच स्थानिक प्रक्षेपणात सहज मावते. पण जमीन ठरवलेल्या उंचीपेक्षा ६४ मीटर वर-खाली गेली की तेवढ्यानेच एक सेंटिमीटर संपतो. कोकणातून सहाशे मीटर चढून देशावर येणाऱ्या घाटरस्त्याला एकच स्थानिक प्रक्षेपण दिले, तर माथ्याच्या आणि पायथ्याच्या अंतरांत किलोमीटरला नऊ सेंटिमीटरांहून जास्त तफावत राहते, मग केंद्र कितीही विचार करून निवडलेले असो. अशा वेळी पायथ्याला आणि माथ्याला स्वतंत्र प्रक्षेपणे द्यावी लागतात. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने असा विचार संपूर्ण राज्यासाठी केला आहे आणि प्रदेशाच्या उंचीनुसार कमी विकृतीची वेगवेगळी प्रक्षेपणे आखून ती प्रसिद्ध केली आहेत. ब्रिटनमध्ये लांब रेल्वेमार्गांसाठी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये तयार झालेली स्नेकग्रिड ही पद्धत मार्गाच्या वळणांबरोबर आणि चढउतारांबरोबर जाते. तिथे एका केंद्राची कल्पनाच सोडून दिलेली आहे.

लोणारच्या काठाला अशा गुंतागुंतीची गरज नाही. तिथे एक केंद्र आणि एक उंची पुरते, आणि काठावरून सरोवराकडे उतरणाऱ्या मोजणीसाठी एक टीप पुरते: पाण्यालगत प्रत्यक्ष मोजलेले अंतर जाळीवरच्या अंतरापेक्षा किलोमीटरला सव्वादोन सेंटिमीटर कमी भरेल.